दुखवट्याचें पत्र

या महिन्याच्या टपालांत पनवेल तालुक्यांतील कोन या गांवाहून एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. त्या पनवेलच्या एका शाळेंत शिक्षिका आहेत. शाळेंत त्यांच्या शेजारच्या मेजावर बसणाऱ्या एका शिक्षकांच्या आई रत्नागिरी जिल्ह्यांतील आपल्या गांवीं नुकत्याच वारल्या. तीन महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या. चिरंजीव दर शनिवारीं रात्रींच्या गाडीनें गांवीं जात आणि सोमवारीं सकाळीं परत शाळेंत हजर होत. परीक्षेचे पेपर तपासावयाचे राहिल्यामुळें एक शनिवार चुकला, आणि नेमक्या त्यानंतरच्या मंगळवारीं आई गेली. शेवटची भेट झाली नाहीं.

बाईंना या सहकाऱ्यांस पत्र लिहावयाचें होतें. घर एकत्र, त्यामुळें घरांत तीन मतें पडलीं. दीर म्हणाले, शाळेच्या व्हॉट्सॲप समूहावर सर्वांनीं हात जोडलेलें चित्र टाकलेंच आहे, त्यांत आपलेंही टाकलें कीं झालें. सासूबाई म्हणाल्या, पत्रच लिही, पण त्याच्या माथ्यावर ‘श्री’ घालूं नकोस. यजमान म्हणाले, एखाद्या छापील नमुन्यावरून उतरून काढ, म्हणजे चूक होणार नाहीं. बाईंनीं यजमानांचें ऐकून मसुदा केला. पण वाचून पाहतांना तो आपण लिहिला आहे असें त्यांचें त्यांनाच वाटेना. म्हणून तो त्यांनीं आमच्याकडे धाडला आहे. तो असा:

“आपल्या पूज्य मातोश्रींच्या दुःखद निधनाची वार्ता ऐकून अत्यंत दुःख झालें. आपणांवर दुःखाचा डोंगर कोसळला आहे. परंतु जन्मास आलेल्या प्रत्येकास एक दिवस जाणें आहेच. मातोश्रींचें वयही झालें होतें व यातनांतून त्या सुटल्या असेंच म्हटलें पाहिजे. शेवटची भेट होऊं शकली नाहीं याचें आपणांस वाईट वाटत असेल. पण आपण आपलें कर्तव्य केलें आहे. ईश्वर मृतात्म्यास चिरशांति देवो. आपणांस भावपूर्ण श्रद्धांजलि. कांहीं मदत लागल्यास अवश्य कळवावें.”

यांत एक चूक अशी आहे कीं ती वाचून घरांतल्या मुलांस हंसूं आवरलें नसतें, आणि तरी ती आज सर्रास होते. श्रद्धांजलि ही गेलेल्या माणसास वाहावयाची असते. ती “आपणांस” वाहिली, म्हणजे जिवंत माणसास ओंजळ दिल्यासारखें झालें. मराठींत या प्रसंगाचीं दोन कामें वेगळीं आहेत आणि त्यांचे शब्दही वेगळे आहेत. मृतास श्रद्धांजलि वाहावयाची, तिचें स्थान सभेंत, वर्तमानपत्रांत किंवा तसबिरीपुढें. मागें राहिलेल्याचें सांत्वन करावयाचें किंवा त्याच्या दुखवट्यांत भाग घ्यावयाचा, त्याचें स्थान घरांत व पत्रांत. समूहावरील साऱ्या चित्रांची अडचण हीच आहे. चाळीस माणसें गेलेल्या बाईंस हात जोडतात, आणि ज्याची आई गेली त्याच्याशीं कोणी एक शब्द बोलत नाहीं.

आतां सासूबाईंचा मुद्दा. जुन्या रीतीप्रमाणें अशुभ वार्तेच्या पत्रावर ‘श्री’ नसे. मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, म्हणजे वाचणाऱ्यास अक्षर लागण्यापूर्वींच सूचना मिळे. आणि वाचून झाल्यावर तें कार्ड फाडून टाकीत, घरांत ठेवीत नसत. तीच शिस्त दुखवट्याच्या पत्राच्या शेवटासही लागू पडे. एरवींचें “लोभ आहेच तो वृद्धिंगत व्हावा” हें वाक्य तेथें गाळीत. दुखवट्याच्या घरून निघतांना आपण “येतों” म्हणत नाहीं आणि घरचे लोक “या” म्हणत नाहींत, त्यांतलाच हा प्रकार. हे संकेत नव्या माणसास निरर्थक वाटतील. पण लिफाफा प्रथम कोण उघडतो याचा विचार करावा. या घरीं तो बहुधा गेलेल्या बाईंचे यजमान किंवा थोरल्या जाऊबाई उघडतील, आणि त्यांच्या दृष्टीस पहिल्यानें पत्राचा माथाच पडेल. ‘श्री’ न घालण्यास कांहीं खर्च नाहीं. आमचें मत सासूबाईंच्या बाजूचें आहे.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. मसुद्यांत “पूज्य मातोश्री” आहेत, “दुःखद निधन” आहे, “वार्ता” आहे. निधन सुखद कधींच नसतें, म्हणून तें विशेषण आपोआप गळावें. पण मुख्य गोष्ट अशी कीं बाई आपल्या सहकाऱ्यांशीं शिक्षकांच्या खोलींत “तुमची आई कशी आहे?” असें बोलत असत. तीन महिने जी “आई” होती ती गेल्यावर एकाएकीं “मातोश्री” झाली, तर वाचणाऱ्यास लिहिणारें माणूस दूर सरकल्यासारखें वाटतें. आदर कमी होईल ही भीति खोटी आहे. मराठींत आदर नामांत नसून क्रियापदांत असतो. “तुमच्या आई गेल्या” यांत “गेल्या” या बहुवचनानें सारा मान दिला आहे, आणि शब्द घरचाच राहिला आहे. बोलण्यांत ज्यांस आपण “तुम्ही” म्हणतों त्यांस पत्रांतही “तुम्ही”च लिहावें. “आपण” हें मुख्याध्यापकांच्या शोकपत्रास शोभेल.

“गेल्या” या साध्या शब्दाचा आणखी एक उपयोग आहे. आपल्यांत शैव घरचें माणूस कैलासवासी होतें आणि वैष्णव घरचें वैकुंठवासी. मुसलमान गृहस्थास पैगंबरवासी, ख्रिस्ती गृहस्थास ख्रिस्तवासी आणि बौद्ध घरीं कालकथित म्हणण्याचा परिपाठ आहे. शिक्षकांच्या एका खोलींत आज या सर्व घरचीं माणसें एकत्र बसतात. ज्यांच्या घरची रीत आपणांस पक्की ठाऊक आहे त्यांच्यासाठीं तो शब्द योजावा. नसेल तर “गेल्या” हा शब्द कोणाच्याही उंबऱ्याशीं अडत नाहीं.

यापुढें मसुद्यांतील तीं दोन वाक्यें, ज्यांच्यासाठीं आम्ही हा सारा मजकूर लिहीत आहों. पहिलें, “वय झालें होतें व त्या सुटल्या.” हें वाक्य खरें असूं शकेल, पण तें म्हणण्याचा अधिकार फक्त ज्यानें आईचें अंथरूण उचललें त्यास आहे. तो म्हणाला तर आपण मान हलवावी. आपण होऊन म्हणूं नये. दुसरें, “शेवटची भेट होऊं शकली नाहीं याचें वाईट वाटत असेल, पण आपण कर्तव्य केलें आहे.” येथें लिहिणारीचा हेतु चांगला आहे, आणि घाव नेमका येथेंच बसतो. ज्या गोष्टीसाठीं त्या गृहस्थांस रात्रीं झोंप येत नसेल ती गोष्ट पत्रानें नांव घेऊन सांगितली, आणि वर त्यांस निर्दोष म्हणून सोडूनही दिलें. निर्दोष ठरवावयाचें म्हणजे खटला चालला होता हें कबूल करावयाचें.

मग त्या चुकलेल्या भेटीविषयीं सहकाऱ्यानें मौनच पाळावें काय? आमच्या मतें भेटीविषयीं मौन पाळावें. परंतु सहकाऱ्याजवळ एक गोष्ट असते जी आप्तांजवळ नसते, ती अवश्य लिहावी. ती कोणती हें कोनच्याच शेजारच्या एका प्रसिद्ध प्रसंगावरून चांगलें कळेल.

कोन हें पळस्प्याच्या पुढें जुन्या पुणें रस्त्यावर आहे. पळस्प्यासच गोव्याचा रस्ता फुटतो आणि त्या रस्त्यावर शिरढोण लागतें. हें वासुदेव बळवंत फडके यांचें जन्मगांव. जन्म १८४५ चा. सरकाराविरुद्ध हत्यार उचलण्याच्या कितीतरी आधीं हे गृहस्थ पुण्यास लष्कराच्या हिशेबी कचेरींत कारकून होते. त्या नोकरींत असतांना शिरढोणास आई अत्यवस्थ असल्याचें त्यांस कळलें. त्यांनीं रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाहीं, आणि ते गांवीं पोंचले तेव्हां आई गेली होती. पुढील वर्षीं वर्षश्राद्धासाठीं मागितलेली रजाही नाकारली गेली, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. हा डंख त्यांच्या मनांत कायमचा राहिला, आणि त्यांच्या पुढील आयुष्याचीं कारणें सांगतांना चरित्रकार ही हकीकत सांगतात.

या हकीकतीकडे थोड्या निराळ्या बाजूनें पाहावें. शिरढोणास त्या दिवशीं जमलेल्या मंडळींस काय दिसलें? मुलगा पुण्यास नोकरीवर होता आणि वेळेवर आला नाहीं, इतकेंच. अर्ज कोणत्या दिवशीं केला, तो कोणाच्या मेजावर पडून राहिला, अर्जदार त्या दिवसांत कसा वावरत होता, हें गांवच्या माणसास कळण्याचा मार्ग नव्हता. तें ठाऊक होतें फक्त शेजारीं बसून हिशेब लिहिणाऱ्या कारकुनास. नोकरीच्या जागीं मुलगा आईसाठीं कसा तळमळला याचा साक्षीदार सहकारीच असतो, दुसरा कोणी नसतो.

आणि दुखवट्याचें पत्र एकटा माणूस वाचीत नाहीं. आपल्या घरांतून तें मोठ्यानें वाचलें जातें. माजघरांत आत्याबाई, मावशी, शेजारच्या काकी बसलेल्या असतात. त्यांतल्या एखादीनें गेल्या आठ दिवसांत “त्याला नोकरी सुटली नाहीं हो!” असें म्हटलेलें असतें. त्या गृहस्थांनीं स्वतः खुलासा करणें शोभत नाहीं, आणि पत्रानेंही खुलाशाचा आव आणूं नये. पत्रांत नुसतें लिहावें कीं शनिवारीं शाळा सुटली कीं हे पिशवी घेऊन स्टँडवर जात. एवढें वाक्य माजघरांत वाचलें गेलें, कीं जें व्हावयाचें तें होतें.

यास मर्यादा आहेत. पाहिलें असेल तेंच लिहावें. न पाहिलेलें रचून लिहिलें तर ज्याच्यासाठीं लिहिलें त्यासच तें बोचेल. सहकारी फारसे जात नसतील, आईशीं त्यांचें बरें नसेल, तर ही वाट सोडून द्यावी आणि दोन ओळींत दुःख कळवून शाळेच्या कामाचें तेवढें लिहावें. पत्र सर्वांसमोर वाचलें जाणार म्हणूनच त्यांत रजेवरून झालेले वाद, पगार, कर्ज, आजाराचा तपशील यांपैकीं कांहीं येऊं देऊं नये. आणि “माझी आई गेली तेव्हां मलाही” असा आपला अध्याय सुरू करूं नये. तो कागद त्यांचा आहे.

“कांहीं मदत लागल्यास कळवावें” हें वाक्य प्रत्येक पत्रांत असतें, आणि त्यावरून कोणी कधीं कांहीं कळविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. सुतकांत बसलेल्या माणसानें मागणें मागावें अशी ती अपेक्षा आहे. सहकाऱ्यास याहून बरें करतां येतें, कारण त्यांचें कोणतें काम अडलें आहे हें त्यास नक्की माहीत असतें. तें आधीं करावें आणि झाल्यावर लिहावें. बाईंच्या पत्रांतच एका कडेला उल्लेख आहे कीं राहिलेले पेपर मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून त्यांनीं व आणखी एका शिक्षिकांनीं तपासून पुरे केले. मसुद्यांत मात्र याचा मागमूस नाहीं! त्याच पेपरांपायीं एक शनिवार चुकला होता. ते आतां मेजावर वाट पाहत नाहींत हें त्या गृहस्थांस कळणें अगत्याचें आहे. पण तें सांगतांना शनिवारशीं त्याचा संबंध जोडूं नये.

बाईंनीं आपल्या पत्रांत इतर ज्या बारीकसारीक गोष्टी सहज लिहिल्या आहेत त्यांवरूनच आम्ही पुढील पत्र जुळविलें आहे. त्यांनीं तें उतरून न काढतां आपल्या शब्दांत फिरवून घ्यावें.

“— सर यांस सादर नमस्कार.

तुमच्या आई गेल्याचें मंगळवारीं दुपारीं शाळेंत कळलें. फार वाईट वाटलें.

त्यांना मीं पाहिलें नव्हतें. पण मधल्या सुटींत तुम्ही त्यांना रोज फोन करीत होतां, तेवढा त्यांचा परिचय शेजारच्या मेजावर बसून मला झाला होता. ‘जेवलीस का?’ हा तुमचा पहिला प्रश्न असे. त्याही तिकडून तुम्हांला तेंच विचारीत असाव्यात, कारण ‘हो, डबा खाल्ला’ असें तुमचें उत्तर लगेच ऐकूं येई. आणि डबा तर तुम्ही त्यानंतर उघडीत होतां. शनिवारीं शाळा सुटल्यावर पिशवी घेऊन स्टँडकडे निघालेले तुम्ही, आणि सोमवारीं पहिल्या तासास वर्गावर उभे असलेले तुम्ही, हें आम्ही सर्वांनीं तीन महिने पाहिलें आहे.

नववीचे राहिलेले पेपर मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून आम्हीं दोघींनीं तपासले आणि गुण कार्यालयांत दिले. तुमचे तास वांटून घेतले आहेत. तुमच्या वर्गाचें हजेरीपुस्तक माझ्याकडे आहे.

वडिलांना आमच्या घरच्या सर्वांचा नमस्कार सांगावा. या पत्राचें उत्तर पाठवूं नये.”

यांत तत्त्वज्ञान नाहीं, ईश्वर नाहीं, चिरशांति नाहीं. ज्यांच्या घरीं ईश्वराचें नांव सहज ओठीं येतें त्यांनीं “त्यांना सद्गति लाभो” हें एक वाक्य शेवटून दुसऱ्या ओळींत घालावें. तें बाहेरून चिकटविल्यासारखें दिसणार नाहीं. “उत्तर पाठवूं नये” ही ओळ मात्र कोणीही गाळूं नये. दहाव्याबाराव्याची धांवपळ, भटजी, पाहुणे, पानें, यांत चाळीस पत्रांचीं उत्तरें देण्याचें ओझें ज्याच्या डोक्यावर असतें त्यास ती ओळ वाचून हायसें वाटतें. डब्याची गोष्ट लिहावी कीं नाहीं याविषयीं आम्ही थोडे घुटमळलों. ती वाचून त्यांच्या डोळ्यांस पाणी येईल. पण तें पाणी आईसाठीं असेल, चुकलेल्या शनिवारसाठीं नसेल. म्हणून ती ठेविली आहे.

दिरांचें म्हणणेंही अगदींच टाकाऊ नाहीं. वार्ता कळली त्या दिवशीं पत्र पोंचणार नाहीं, आणि त्या दिवशीं लांब मजकूर वाचण्यास कोणास सवडही नसते. त्या दिवशीं मोबाइलवर, परंतु समूहावर नव्हे तर त्यांच्या एकट्याच्या नांवें, दोन वाक्यें पुरेत: “आत्तांच कळलें. शाळेची काळजी करूं नका, तास आम्ही घेतों.” पत्र चौथ्या-पांचव्या दिवशीं टाकावें, म्हणजे दहाव्याच्या आंत पोंचतें. तेवढ्यांत लिहिणें झालें नाहीं तर तेराव्यानंतर लिहावें. उशिराबद्दल क्षमा मागण्यांत चार ओळी घालवूं नयेत. किंबहुना तेरावा आटोपून पाहुणे आपापल्या गाड्यांनीं गेल्यावर जें पत्र येतें तें अधिक सावकाश वाचलें जातें.

राहतां राहिला त्यांच्या परत येण्याचा दिवस. बाईंनीं तो विचारलेला नाहीं, पण तो येणारच आहे. सकाळीं सर्वांनीं मिळून त्यांच्या मेजाभोंवतीं उभें राहूं नये. हजेरीपुस्तक हातीं द्यावें, कोणता धडा कोठपर्यंत झाला तें सांगावें. मधल्या सुटीची घंटा होईल, आणि फोन करण्याची त्यांची वेळ येईल. त्या वेळीं बाईंनीं जागेवरून उठून जाऊं नये. आपला डबा उघडावा आणि त्यांच्यापुढें सरकवावा.